४७ जिल्हे, एक परिच्छेद

आर नावाचे मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअर ज्याने एकदा संगणकावर घेतले आहे, त्याच्याकडे १८८८ सालच्या स्वित्झर्लंडचा एक तुकडा आपोआप येऊन पडलेला असतो. `swiss` एवढा एकच शब्द टाइप केला की फ्रेंच भाषक भागातले ४७ जिल्हे पडद्यावर उभे राहतात. ही माहिती अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकसंख्या संशोधन केंद्रात जमवली गेली. १९७७ मध्ये मोस्टेलर आणि ट्युकी या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती आपल्या पुस्तकात वापरली आणि पुढे ती सॉफ्टवेअरच्या पोटातच जाऊन बसली. जगभरातले विद्यार्थी पहिले रिग्रेशन शिकतात ते बऱ्याचदा या जिल्ह्यांवर.

रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीतला चढउतार इतर अनेक गोष्टींच्या चढउताराशी किती जुळतो, हे एकाच वेळी मोजण्याची पद्धत. ते चालवायला एक ओळ पुरते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पडद्यावर आकड्यांचा जो तक्ता येतो, तो समाजशास्त्राच्या नियतकालिकातल्या लेखात कसा उतरवायचा? पीएच. डी. करणारी कितीतरी मुलेमुली नेमकी इथे अडतात. मार्गदर्शक सांगतात, ‘निकाल लिहून आणा’, आणि विद्यार्थी तक्ता शब्दांत वाचून दाखवतो.

हे काम कसे होते ते या ४७ जिल्ह्यांवरच पाहू. १८८८ च्या सुमारास तिथला जननदर जुन्या उंच पातळीवरून उतरायला लागला होता, पण सगळीकडे सारखा नाही. इथे जननदर मोजला आहे तो विवाहित स्त्रियांच्या निर्देशांकाने. उत्तर अमेरिकेतल्या हटराइट नावाच्या धार्मिक समाजात बायकांना फार मुले होत. त्यांच्या प्रमाणाला १०० धरायचे आणि त्या तुलनेत जिल्हा कुठे आहे ते पाहायचे. ४७ जिल्ह्यांची सरासरी ७० आहे. सर्वांत खाली जिनिव्हा शहर, ३५ वर. सर्वांत वर ९२.५.

या फरकाशी जुळणाऱ्या पाच गोष्टी माहितीत आहेत: शेतीत असलेल्या पुरुषांचे प्रमाण, सैन्यभरतीच्या परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण, भरतीला आलेल्यांपैकी प्राथमिकच्या पुढे शिकलेल्यांचे प्रमाण, कॅथलिकांचे प्रमाण आणि पहिल्या वर्षात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण. पाचही आकडे टक्क्यांत आहेत. आपला प्रश्न असा धरू: ज्या जिल्ह्यांत शिक्षण जास्त पसरले होते, तिथे जननदर कमी होता का, आणि शेती, धर्म, बालमृत्यू यांतले फरक जमेस धरल्यावरही तो कमी दिसतो का?

आज्ञा आणि तिला मिळालेले उत्तर असे:

```
summary(lm(Fertility ~ ., data = swiss))

                 Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept)      66.91518   10.70604   6.250 1.91e-07 ***
Agriculture      -0.17211    0.07030  -2.448  0.01873 *
Examination      -0.25801    0.25388  -1.016  0.31546
Education        -0.87094    0.18303  -4.758 2.43e-05 ***
Catholic          0.10412    0.03526   2.953  0.00519 **
Infant.Mortality  1.07705    0.38172   2.822  0.00734 **

Residual standard error: 7.165 on 41 degrees of freedom
Multiple R-squared:  0.7067,  Adjusted R-squared:  0.671
F-statistic: 19.76 on 5 and 41 DF,  p-value: 5.594e-10
```

पहिला स्तंभ सहगुणकांचा. बाकीच्या चार गोष्टी सारख्या असलेल्या दोन जिल्ह्यांत या एका गोष्टीचा एका एककाने फरक असेल, तर जननदरात सरासरी किती फरक दिसतो, हे तो सांगतो. दुसरा स्तंभ त्या अंदाजाच्या डळमळीतपणाचा, म्हणजे स्टँडर्ड एररचा. तिसरा स्तंभ हा पहिल्याला दुसऱ्याने भागून येतो. शेवटचा पी-व्हॅल्यूचा: खरे पाहता काहीच संबंध नसता तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा आकडा येण्याची शक्यता किती, हे तो दाखवतो. त्यापुढचे तारे म्हणजे याच शेवटच्या स्तंभाचे झटपट वाचन.

आता पहिल्या खर्ड्यात बहुधा उतरतो तो परिच्छेद पाहा.

“तक्ता १ मध्ये रिग्रेशनचे निकाल दिले आहेत. मॉडेल सार्थ आढळले (एफ = १९.७६, पी = ०.०००). शेती (−०.१७२११, पी = ०.०१८७३), शिक्षण (−०.८७०९४, पी = २.४३), कॅथलिक (०.१०४१२, पी = ०.००५१९) आणि बालमृत्यू (१.०७७०५, पी = ०.००७३४) यांचा जननदरावर सार्थ परिणाम होतो. परीक्षेचा जननदरावर कोणताही परिणाम होत नाही. शिक्षण वाढल्यास लोक कमी मुले जन्माला घालतात. आर-स्क्वेअर्ड ०.७०६७ असल्याने मॉडेल उत्तम आहे.”

यातली एक चूक ढोबळ आहे आणि ती आधी निस्तरू. पडद्यावर `2.43e-05` असे आहे. शेवटचे `e-05` म्हणजे दशांश चिन्ह पाच घरे डावीकडे सरकवा. आकडा ०.००००२४३ इतका बारीक आहे. शेपूट गळाले आणि २.४३ उरले. पी-व्हॅल्यू ही शक्यता असल्याने ती एकच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून असा आकडा दिसला की चूक लगेच ओळखता येते. ‘पी = ०.०००’ ही याच घरातली दुसरी चूक. एसपीएसएस या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या तीनच दशांश दाखवत आणि फार लहान पी-व्हॅल्यू तिथे `.000` अशी छापली जाई. ती शून्य नसते, नुसती गोल केलेली असते. अशा वेळी ‘पी ०.००१ पेक्षा कमी’ असे लिहायचे, एवढाच नियम.

बाकीचे दोष अधिक खोलवरचे आहेत. पहिला हा की परिच्छेदात प्रश्नच कुठे नाही. पाचही घटक एका रांगेत, सारख्या आवाजात बोलतात. लेखकाला शिक्षणाबद्दल विचारायचे होते. शेती, धर्म, बालमृत्यू हे घटक तुलना न्याय्य व्हावी म्हणून घेतले होते. सॉफ्टवेअरला हा भेद ठाऊक नसतो. त्याने तक्त्यात ओळी लावल्या त्या माहितीच्या फाइलमध्ये स्तंभ ज्या क्रमाने होते त्या क्रमाने. लेखकाने मात्र शिक्षण पहिल्या वाक्यात आणले पाहिजे आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याची एक-दोन वाक्ये दिली पाहिजेत.

दुसरा दोष एककांचा. ‘शिक्षणाचा सहगुणक −०.८७’ हे वाक्य वाचून वाचकाच्या हाती काही लागत नाही. हा आकडा मोठा की लहान? त्यासाठी एक एकक म्हणजे काय आणि खऱ्या जिल्ह्यांत फरक किती एककांचे असतात, हे दोन्ही पाहावे लागते. शिक्षण टक्क्यांत मोजले आहे, म्हणून एक एकक म्हणजे शिकलेल्यांचे प्रमाण १० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर जाणे. (‘शिक्षण एका टक्क्याने वाढले’ असे लिहिले तर कोणी ते १० वरून १०.१ असेही वाचेल. दोन टोके लिहून दिली की हा घोळ राहत नाही.) ४७ जिल्हे शिक्षणाच्या क्रमाने लावले तर खालून पाव वाट चालल्यावर आपण ६ टक्क्यांवर असतो आणि पाऊण वाट चालल्यावर १२ टक्क्यांवर. म्हणजे शिक्षणात बऱ्यापैकी मागे आणि बऱ्यापैकी पुढे असलेल्या दोन जिल्ह्यांत साधारण सहाचा फरक. ०.८७ ला ६ ने गुणले की ५.२ येतात. जननदराचा निर्देशांक ७० च्या आसपास असताना ५ अंकांचा फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. वाचकाला हाच आकडा हवा असतो.

कॅथलिकांच्या ओळीत हीच गोष्ट आणखी ठळक होते. ०.१०४ हा आकडा शिक्षणाच्या ०.८७ पुढे अगदी किरकोळ वाटतो आणि घाईत लिहिणारा तो ‘कमी प्रभावी’ म्हणून निकालात काढतो. पण या भागातले जिल्हे धर्माच्या बाबतीत सरळ दोन गटांत मोडत. पाव जिल्ह्यांत कॅथलिक जेमतेम ५ टक्के किंवा त्याहूनही कमी होते आणि दुसऱ्या टोकाच्या पाव जिल्ह्यांत ९३ टक्क्यांच्या वर. एका टक्क्याचा फरक असलेली जोडी इथे फारशी अर्थाचीच नाही. १० टक्के कॅथलिक असलेला प्रॉटेस्टंट जिल्हा आणि ९० टक्के कॅथलिक असलेला जिल्हा यांची तुलना केली, तर ८० गुणिले ०.१०४ म्हणजे ८.३ अंकांचा फरक येतो. शिक्षणाच्या ५.२ पेक्षा तो जास्तच भरतो. सहगुणकांचे कच्चे आकडे शेजारी ठेवून कोणता घटक मोठा ते ठरवता येत नाही, ते यामुळे.

तिसरा दोष अनिश्चिततेचा. खर्ड्यात पाच-पाच दशांश आहेत, पण अंदाज किती हलू शकतो याचा पत्ता नाही. शिक्षणाच्या सहगुणकाची स्टँडर्ड एरर ०.१८ आहे. जिथे पहिल्याच दशांशावर अंदाज इतका हलतो, तिथे चौथ्या-पाचव्या दशांशाला काय अर्थ? दोन दशांश पुरे. त्याऐवजी कॉन्फिडन्स इंटरव्हल द्यावा, म्हणजे माहितीशी सुसंगत असलेल्या मूल्यांचा पट्टा. आरमध्ये `confint()` ही आज्ञा तो देते. शिक्षणासाठी ९५ टक्क्यांचा पट्टा −१.२४ ते −०.५० असा येतो. सहाच्या फरकासाठी पट्ट्याची दोन्ही टोके सहाने गुणायची: ३.० ते ७.४ अंक. फरक तीन अंकांचा असेल किंवा सातांचा, पण दिशा एकच, हे वाचकाला एका नजरेत कळते. ताऱ्यांनी ते कधीच कळत नाही.

आता परीक्षेच्या ओळीकडे वळू, कारण सर्वांत जास्त अन्याय तिच्यावर होतो. तारा नाही, पी ०.३२, म्हणून खर्ड्यात लिहिले गेले, ‘कोणताही परिणाम होत नाही’. पट्टा मात्र वेगळे सांगतो: −०.७७ ते ०.२५. सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्यांच्या प्रमाणात दहाचा फरक धरला, तर जननदर सुमारे ८ अंकांनी कमी असण्यापासून अडीच अंकांनी जास्त असण्यापर्यंत काहीही या माहितीशी जुळते. इतक्या रुंद पट्ट्यावरून ‘काही नाही’ असा निर्वाळा देता येत नाही. फार तर ‘या माहितीवरून सांगता येत नाही’ एवढेच म्हणता येते.

पट्टा एवढा रुंद का झाला, तेही पाहता येते. परीक्षेत पुढे असलेले जिल्हे बहुतेक शिक्षणातही पुढे होते. या दोन मोजमापांतला सहसंबंध ०.७० आहे. शेतीशी परीक्षेचे नाते तितकेच घट्ट, पण उलटे, −०.६९. जे घटक असे एकमेकांना बांधलेले असतात, त्यांचा वेगवेगळा वाटा काढायला माहिती अपुरी पडते. ही अडचण किती आहे ते व्हीआयएफ नावाच्या मापाने कळते. परीक्षेसाठी ते ३.७ येते आणि त्याचे वर्गमूळ जवळजवळ १.९. म्हणजे परीक्षा हा घटक बाकीच्यांशी अजिबात निगडित नसता, तर स्टँडर्ड एरर आहे त्याच्या साधारण निम्मीच राहिली असती. लेखात हे सगळे गणित मांडायची गरज नाही. ‘परीक्षेचे निकाल आणि शिक्षण यांत घट्ट संबंध असल्याने दोघांचा वाटा नीट वेगळा करता आला नाही’ हे एक वाक्य पुरते.

शेतीच्या ओळीत आणखी एक अवघड जागा आहे. सहगुणक उणे आहे: बाकी सारे सारखे असता जास्त शेती असलेल्या जिल्ह्यात जननदर कमी. वाचकाला हे खटकेल, कारण शेतकरी भागात मुले जास्त, हा अनुभव जुना आहे. आणि वाचक चुकत नाही. शेती हा एकच घटक घेऊन रिग्रेशन चालवले तर सहगुणक अधिक येतो, ०.१९. दहा टक्क्यांमागे जननदर सुमारे दोन अंकांनी जास्त. बाकीचे चार घटक आत आले की चिन्ह उलटते, −०.१७.

हे सॉफ्टवेअरचे खूळ नाही. शेतीप्रधान जिल्ह्यांत शिक्षण कमी होते आणि जिथे शिक्षण कमी तिथे जननदर जास्त. एकट्या शेतीचा आकडा आपल्याबरोबर शिक्षणाचा हा भारही वाहून आणतो. तो उतरवला की उरतो तो वेगळ्याच प्रश्नाचा जबाब: सारखेच शिकलेल्या, सारख्याच धर्माच्या दोन जिल्ह्यांत जास्त शेती असलेला कसा दिसतो? दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत. चिन्ह असे उलटले असेल तर लेखकाने ते स्वतःहून सांगावे. परीक्षक संपादक साधे सहसंबंध तपासतातच, आणि विसंगती त्यांना आधी दिसली तर सगळ्या लेखाबद्दल शंका उभी राहते. आपल्या मॉडेलमध्ये असे काही आहे का हे कळायला साधे सहसंबंध आणि रिग्रेशनचे सहगुणक शेजारी ठेवून फक्त चिन्हे ताडून पाहायची.

चौथा दोष भाषेचा आहे आणि तो क्रियापदात लपलेला आहे. ‘शिक्षण वाढल्यास लोक कमी मुले जन्माला घालतात.’ या एका वाक्यात दोन उड्या आहेत. पहिली उडी काळाची. माहिती १८८८ च्या सुमारासची, एकाच वेळची आहे. कोणत्याही जिल्ह्यात शिक्षण वाढताना कोणी पाहिलेले नाही. जास्त शिक्षणाचे जिल्हे आणि कमी शिक्षणाचे जिल्हे शेजारी ठेवले आहेत, इतकेच. म्हणून ‘वाढल्यास घटतो’ ऐवजी ‘जास्त असलेल्या जिल्ह्यांत कमी आढळतो’ असे लिहावे. बालमृत्यूच्या ओळीत तर कार्यकारणाची दिशाही ठरवता येत नाही. बाळ दगावले की अंगावर पाजणे थांबते आणि पुढची गर्भधारणा लवकर होते. पण बाळंतपणांतले अंतर कमी असले की बाळे दगावण्याचा धोकाही वाढतो. सहगुणक १.०८ मध्ये हे दोन्ही मिसळलेले असू शकते.

दुसरी उडी जिल्ह्यावरून माणसावर. शिकलेल्या बाईला किंवा पुरुषाला मुले कमी होती का, हे या तक्त्यात कुठेच नाही. शिक्षण तर भरतीला आलेल्या तरुण पुरुषांचे मोजले आहे आणि जननदर विवाहित स्त्रियांचा. अशी उडी किती फसवू शकते हे विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये दाखवले. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरता यांचा राज्यांच्या पातळीवरचा सहसंबंध −०.५३ निघाला, जणू परदेशातून आलेले लोक जास्त साक्षर होते. व्यक्तींच्या पातळीवर तोच सहसंबंध ०.१२ होता, म्हणजे उलट दिशेचा. बाहेरून आलेले लोक जिथली स्थानिक प्रजा अधिक साक्षर होती अशा राज्यांत जाऊन राहिले होते, एवढेच त्यामागे होते.

आपल्याकडे हा धोका रोजचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार पत्रके सहज मिळतात. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या पाहणीचे काम पाहते. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे घेऊन मुलींचे शिक्षण आणि बालविवाह यांचे रिग्रेशन करणारा प्रबंध लिहायला सोपा असतो. त्यातून जिल्ह्यांबद्दल बोलता येते. ‘शिकलेल्या मुलीचे लग्न उशिरा होते’ हे म्हणायला मात्र त्याच पाहणीतली व्यक्तिवार माहिती उघडावी लागते.

आर-स्क्वेअर्डबद्दल थोडक्यात. ०.७१ म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जननदराच्या तफावतीपैकी ७१ टक्के या पाच घटकांशी मिळून जुळते. ४७ जिल्ह्यांना पाच घटक लावल्यामुळे हा आकडा जरा फुगतो, म्हणून दुरुस्त केलेला ०.६७ सोबत द्यावा. ‘मॉडेल उत्तम’ हा शेरा त्यातून निघत नाही. चुकीच्या घटकांवरही हा आकडा मोठा येऊ शकतो.

हे सगळे लक्षात घेऊन परिच्छेद पुन्हा लिहिला, तर तो असा होईल:

“शिक्षणाचा प्रसार जास्त असलेल्या जिल्ह्यांत विवाहित स्त्रियांचा जननदर कमी आढळला, आणि शेती, परीक्षेचे निकाल, धर्म व बालमृत्यू यांतले फरक जमेस धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला (तक्ता १). प्राथमिकच्या पुढे शिकलेल्यांचे प्रमाण ६ टक्के असलेल्या जिल्ह्याच्या तुलनेत १२ टक्के असलेल्या जिल्ह्यात जननदराचा निर्देशांक सरासरी ५.२ अंकांनी कमी होता (९५ टक्के पट्टा ३.० ते ७.४, पी ०.००१ पेक्षा कमी). धर्माशी असलेला संबंधही लक्षणीय होता: कॅथलिकांचे प्रमाण १० टक्के आणि ९० टक्के असलेल्या जिल्ह्यांत ८.३ अंकांचा फरक दिसला, आणि कॅथलिक जिल्ह्यांत जननदर जास्त होता (पट्टा २.६ ते १४.०). शंभर जन्मांमागे एक बालमृत्यू जास्त असेल तिथे निर्देशांक १.१ अंकांनी जास्त होता (पट्टा ०.३ ते १.८). शेतीचा जननदराशी साधा संबंध धन असला तरी इतर घटक जमेस धरल्यावर तो ऋण झाला; शेतीतील पुरुषांचे प्रमाण दहाने जास्त असलेल्या जिल्ह्यात निर्देशांक १.७ अंकांनी कमी होता (पट्टा ०.३ ते ३.१). परीक्षेच्या निकालांचा शिक्षणाशी घट्ट संबंध असल्याने त्यांचा स्वतंत्र वाटा या माहितीवरून निश्चित करता आला नाही (सहगुणक −०.२६, पट्टा −०.७७ ते ०.२५). पाच घटक मिळून जननदरातील ७१ टक्के तफावतीशी जुळतात (दुरुस्त आर-स्क्वेअर्ड ०.६७, जिल्हे ४७). हे संबंध जिल्ह्यांमधले आहेत. ते व्यक्तींना लागू करता येत नाहीत.”

खर्ड्यापेक्षा हा परिच्छेद लांब आहे, पण त्यातले प्रत्येक वाक्य जिल्ह्यांबद्दल बोलते. आकडे कंसात गेले आणि वाक्याचा कर्ता ‘सहगुणक’ राहिला नाही. कंस झाकून वाचले तरी अर्थ पूर्ण लागतो, ही चाचणी लिहिणाऱ्याने स्वतःच घ्यावी. स्टँडर्ड एरर, टी आणि स्थिरांकाची ओळ तक्त्यात राहते. स्थिरांक ६६.९ हा पाचही घटक शून्य असलेल्या जिल्ह्याचा अंदाज आहे आणि असा जिल्हा अस्तित्वातच नाही, म्हणून परिच्छेदात त्याला जागा नाही.

हस्तलिखित पाठवण्याआधी एक तपासणी हाताने करावी, कारण तक्ता नकलताना आकडे हलतात. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाच्या मिशेल नाउटेन आणि सहकाऱ्यांनी १९८५ ते २०१३ मधले मानसशास्त्राचे हजारो लेख संगणकाने पडताळले. जवळजवळ निम्म्या लेखांत किमान एक पी-व्हॅल्यू शेजारी छापलेल्या आकड्यांशी जुळत नव्हती, आणि आठांत एका लेखात ही विसंगती निष्कर्ष बदलेल इतकी मोठी होती. पडताळा सोपा आहे. सहगुणकाला स्टँडर्ड एररने भागा: −०.८७१ भागिले ०.१८३ म्हणजे −४.७६, तक्त्यातला टी मिळाला. सहगुणक पट्ट्याच्या बरोबर मध्ये आहे का पाहा: −१.२४ आणि −०.५० यांचा मध्य −०.८७. पट्टा शून्य ओलांडत असेल तर पी ०.०५ पेक्षा जास्तच असली पाहिजे, आणि परीक्षेच्या ओळीत ती तशी आहे. शेवटी जिल्ह्यांची संख्या: ४७ मधून पाच घटक आणि एक स्थिरांक वजा केले की ४१, पडद्यावरही ४१. ही संख्या कमी भरली, तर कुठल्यातरी जिल्ह्याची माहिती अपुरी असल्याने सॉफ्टवेअरने तो गाळला आहे, आणि ते लेखात सांगायला हवे.

एक प्रश्न मात्र परीक्षक संपादक हमखास विचारतील: जिनिव्हाचे काय? तिथे शिक्षण ५३ टक्के आहे. त्याखालोखाल नूशातेल, ३२ वर. आणि बहुतेक जिल्हे १२ च्या आत. जननदरही जिनिव्हाचाच सर्वांत कमी. एवढा दूर असलेला एक जिल्हा रेषेचा उतार आपल्याकडे ओढू शकतो. म्हणून तो वगळून रिग्रेशन पुन्हा चालवायचे:

```
summary(lm(Fertility ~ ., data = swiss,
           subset = Education < 50))
```

आता ४६ जिल्हे आणि ४१ च्या जागी ४० येतील. शिक्षणाच्या ओळीतला नवा सहगुणक आणि त्याचा पट्टा जो येईल तो, आधीच्या निकालाला धरून असो वा नसो, परिच्छेदात जिल्ह्यांच्या संख्येनंतर एका वाक्यात लिहायचा आणि वाक्याची सुरुवात ‘जिनिव्हा वगळल्यास’ अशी करायची.